उमाकाकूंचा पक्का रंग

उमाकाकूंना कुठल्याही गोष्टीचं वर्णन करायला सांगा, त्या ती गोष्ट थोडी उंच, थोडी उजळ आणि बऱ्यापैकी शांत स्वभावाची करून देणार. हात तसा वळलेलाच होता, त्याला त्या तरी काय करणार! संभाजीनगरात, सिडकोतल्या आपल्या घरी बसून त्यांनी निम्म्या समाजाच्या लग्नाळू मुलामुलींचे बायोडाटा लिहून दिले होते. त्यांच्या लेखणीखाली सावळी मुलगी गव्हाळ व्हायची, गव्हाळ मुलगी गोरी व्हायची आणि मुळातच गोरी असलेली 'देखणी' या एका शब्दात बसायची. मुलाला चार भावांत मिळून दीड खोली असली तरी 'स्वतःचं घर' असायचं. उंची मोजताना चप्पल काढायची असते, हे काकूंना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"बायोडाटा म्हणजे पंचनामा नव्हे," असं त्या मुलीच्या आईला समजावून सांगत. "आधी माणूस दारात तर येऊ दे. मग पोहे खाता खाता कळतंच सगळं."

आणि खरंच कळायचं. लग्नंही व्हायची. एखाद्या लग्नात नवऱ्या मुलाची आई स्टेजवर सुनेशेजारी उभी राहून तिच्या उंचीकडे जरा रोखून बघायची, तेव्हा काकू जेवणाच्या रांगेत उभ्या राहायच्या. असल्या प्रसंगी कुठं उभं राहायचं, याचं त्यांना उपजत ज्ञान होतं.

तर अशा या उमाकाकू पन्नाशी उलटल्यावर उशांच्या खोळींच्या धंद्यात पडल्या. झालं असं, की मुलीच्या, स्वरालीच्या लग्नात सोफ्यासाठी म्हणून त्यांनी गुलमंडीवरून कुंकवासारखं लालभडक कापड आणलं, त्याला पांढरी किनार लावून पाच कुशन कव्हरं शिवून घेतली, आणि आल्या-गेल्यानं तीच पाहिली. जावई कसा आहे हे कुणी विचारलं नाही, कव्हरं कुठून आणली हे सगळ्यांनी विचारलं. स्वराली लग्नानंतर पुण्याला गेली आणि जाता जाता आईच्या फोनवर एका ऑनलाइन बाजारात दुकान उघडून देऊन गेली. "आई, माहिती मात्र नीट भर हं," एवढं बजावून गेली. काकूंना त्याचा जरा रागच आला. माहिती भरण्यात ज्या बाईचं आयुष्य गेलं, तिला हे सांगायचं?

माहितीचे रकाने पाचच होते. माप, चेनचा प्रकार, कापड, रंग पक्का की कच्चा, आणि आतलं भरण सोबत मिळणार की नाही. साइट मराठीतही चालत होती. काकूंनी चष्मा लावला आणि मुलीची पत्रिका लिहायला बसावं तशा बसल्या.

माप. कव्हरं शिवणाऱ्या सारजाबाईंनी कापड सोळा बाय सोळा इंच कापलेलं होतं. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत गेल्यावर तयार कव्हर पंधरा इंचाचं भरत होतं. काकूंनी लिहिलं, सोळा बाय सोळा. शिवणीत गेलं म्हणून काय झालं, कापड काही परकं होतं का? ते आतल्या बाजूला होतंच की.

चेन. इथं काकूंना खोटं लिहायची गरजच पडली नाही, म्हणून त्यांनी ते अभिमानानं लिहिलं. 'लपवलेली. शोधूनही सापडणार नाही.' कापडही 'शुद्ध सुती' होतं, दुकानदारानं शपथेवर सांगितलेलं.

रंग. हा रकाना मात्र त्यांनी न तपासता भरला, असं कुणी म्हणू नये. त्यांनी कव्हर स्वतः धुऊन पाहिलं होतं. आता सिडकोत नळाला पाणी यायचं म्हणजे पाहुणा यायचा तसं, कधी आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरा. त्यामुळे काकूंच्या घरात पाण्याची एक बादली जन्माला आली की ती थेट मरत नसे, तिला बरेच जन्म घ्यावे लागत. आधी पांढरे कपडे, मग साड्या, मग नवऱ्याच्या, व्यंकटरावांच्या पँटी, मग पायपुसणी, आणि उरलं तर बाथरूमची फरशी. कुशन कव्हराची पाळी पँटींनंतर लागली. काकूंनी ते बुडवलं, चुबकलं, पिळलं, आणि पाण्याकडे पाहिलं. पाणी आधी जसं होतं, तसंच होतं. 'रंग: पक्का,' त्यांनी लिहिलं, आणि जोर यावा म्हणून पुढं 'खात्रीशीर' जोडलं.

आतल्या भरणाचा रकाना त्यांनी मोकळाच ठेवला. बायोडाट्यातही काही गोष्टी 'प्रत्यक्ष भेटीत' बोलायच्या असतात, तसा. भरण सोबत नव्हतंच. पण फोटो रिकाम्या खोळीचा कसा टाकायचा, ती तर कण्हत पडल्यासारखी दिसते. म्हणून काकूंनी घरातल्या साऱ्या उशा आत कोंबल्या, त्यात व्यंकटरावांची डोक्याखालचीसुद्धा. व्यंकटराव जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले, मितभाषी गृहस्थ. दुपारी आडवं व्हायला गेले आणि परत बाहेर आले.

"उशी कुठं आहे?"

"सोफ्यावर आहे. फोटो चालू आहेत. आज पेपरची घडी घ्या."

फोटो असे आले, की बघणाऱ्यालाच झोप यावी.

ऑर्डरी येऊ लागल्या. पहिल्यांदा नाशिकहून, मग ठाण्याहून, मग चक्क इंदूरहून. काकू प्रत्येक पाकिटात हळदीकुंकवाच्या पुडीसारखी एक चिठ्ठी टाकायच्या, 'काही अडचण आल्यास निःसंकोच फोन करा', आणि खाली आपला नंबर. तीस-पस्तीस लग्नं जमवलेली बाई नंबर दिल्याशिवाय कशी राहील?

काम वाढलं तसा प्रश्न सारजाबाईंचा आला. त्या मूळच्या पिशोरच्या, राहायला मुकुंदवाडीत, आणि रोज कंपनीच्या बसनं चितेगावला शिलाईच्या कामाला जायच्या. कव्हरं शिवायच्या त्या सुटीच्या दिवशी. आता दिवाळीची मागणी सुरू झाली होती आणि सुटीचा दिवस पुरेना. एक दिवस त्यांनी मशीनवरची मान वर करून विचारलं, "काकू, म्या कंपनी सोडली तर? हे चालंल ना कायम? तिथं एकदा गेटाबाहीर पडलं की परत घेत नायत."

"मी सांगते ना!" काकू म्हणाल्या. "सोड बिनधास्त."

सारजाबाईंनी कंपनी सोडली. पक्क्या रंगाचं कापड गठ्ठ्यानं आलं, कापून झालं, आणि काकूंच्या मागच्या खोलीत मशीन दिवसभर धडधडू लागलं.

मग कव्हरं परत यायला लागली.

पहिली तक्रार मापाची होती. ठाण्याच्या बाईंकडे सोळा इंची उशी होती. तिच्यावर हे कव्हर चढवताना चेन लागता लागेना, आणि लागली तेव्हा उशीचा चेंडू झाला होता. काकूंनी कळवलं, 'उशी जास्त भरली गेली असावी.' दुसरी तक्रार भरणाची. 'फोटोत उशी आहे, पाकिटात नाही.' काकूंनी उत्तर लिहिलं, 'फोटोत सोफाही आहे.' हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते स्वरालीला फोनवर वाचून दाखवलं. स्वराली हसली नाही. तिसऱ्या गिऱ्हाइकानं तर कमाल केली. लपवलेली चेन खरोखरच शोधूनही सापडली नाही, म्हणून त्यानं कात्रीनं एक बाजू उसवली, उशी घातली, आणि फोटो पाठवला की शिवण कच्ची आहे.

"माणसं कशी असतात," काकू म्हणाल्या.

"वाचणारी," पेपरातून व्यंकटराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात साइटची सूचना आली. या वस्तूची परतीची संख्या जास्त आहे. वर्णनाबद्दल आणखी एक तक्रार आली आणि विक्रेत्याचं उत्तर समाधानकारक नसेल, तर वस्तू विक्रीतून काढली जाईल. काकूंनी सूचना वाचली आणि फोन पालथा ठेवला. मागच्या खोलीत मशीन चालू होतं. सारजाबाई काहीतरी गुणगुणत होत्या. मशीन थांबवून त्यांनी विचारलं, "काय म्हंतोय फोन?" "काही नाही," काकू म्हणाल्या, "दिवाळीच्या शुभेच्छा." दिवाळीला अजून अवकाश होता, पण बोलून गेल्या.  या वेळी मात्र जेवणाच्या रांगेत जाऊन उभं राहता येणार नव्हतं. कव्हरं बंद झाली, तर चितेगावचं गेट सारजाबाईंसाठी परत उघडणार नव्हतं.

तक्रार यायला उशीर लागला नाही. कोल्हापूरच्या मोनाली नावाच्या मुलीनं पाच कव्हरं घेतली होती. तिनं ती सासूबाईंच्या पांढऱ्या चादरीसोबत रात्रभर बादलीत भिजत घातली. सकाळी कव्हरांची पांढरी किनार गुलाबी, चादर गुलाबी, आणि सासूबाई लाल. फोटो तिन्हींचा नव्हता, पहिल्या दोन्हींचाच होता. साइटनं काकूंपुढं दोन पर्याय ठेवले. ग्राहकानं धुण्यात चूक केली, किंवा वर्णन चुकीचं होतं. एकावर बोट ठेवा.

काकूंचं बोट पहिल्याकडे निघालंच होतं. "रात्रभर भिजवतं का कुणी? बादली अडकवून ठेवायची रात्रभर?" त्या व्यंकटरावांना म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं असं घरच येईना, जिथं एक अख्खी बादली रात्रभर नुसती बसून राहते. तेवढ्यात फोन वाजला. चिठ्ठीतला नंबर मोनालीनं 'निःसंकोच' वापरला होता.

"काकू, मोनाली बोलतीय, कोल्हापूरहून. भांडायला नाही हं फोन केला. पण तुम्ही खात्रीशीर लिहिलंय, म्हणून विचारते. तुम्ही धुऊन बघितलं होतं का?"

"म्हणजे काय! स्वतः. थांब, तुला दाखवतेच."

उमाकाकूंच्या आयुष्यात 'थांब, दाखवतेच' या दोन शब्दांनी जेवढं नुकसान केलं, तेवढं दुष्काळानंही केलं नसेल. त्यांनी व्हिडिओ लावला, फोन व्यंकटरावांच्या हातात दिला, सारजाबाईंना साक्षीला बोलावलं आणि बाथरूममध्ये मोर्चा नेला. बादली तयारच होती. व्यंकटरावांच्या पँटी नुकत्याच निघाल्या होत्या. काकूंनी कोरं कव्हर घेतलं, बुडवलं, चुबकलं, पिळलं, आणि टीव्हीवर कृती दाखवणाऱ्या बाईसारखा हात बादलीकडे केला.

"हे बघ. पाण्याला काही झालं?"

मोनाली फोनमध्ये अगदी पुढं झुकली. "काकू, पण हे पाणी आधीपासूनच काळं हाय की!"

 व्यंकटरावांनी फोन जरा खाली केला, मग कर्तव्य आठवून परत वर केला. काकूंनी बादलीकडे पाहिलं. वर्षानुवर्षं त्या याच पाण्याकडे पाहत आल्या होत्या, आणि ते पाणी आहे एवढंच त्यांना दिसत आलं होतं. ते कुठल्या रंगाचं आहे, हा प्रश्न सिडकोत कुणाला पडत नाही. पाणी आहे की नाही, इथंच प्रश्न संपतो. या पाण्यात त्यांनी कव्हर काय, रंगपंचमी खेळून आलेला माणूस धुतला असता तरी पाण्याला काही झालं नसतं.

"चांगलं पाणी घेऊन बघता का?" मोनालीनं हळूच विचारलं.

चांगलं पाणी म्हणजे स्वयंपाकघरातलं, पिण्याचं. ते मोजून वापरायचे काकूंचे दिवस चालले होते. तरी त्या गेल्या आणि पातेलंभर घेऊन आल्या. सारजाबाईंच्या तोंडून "आगं माय" निघालं. काकूंनी त्यात साबण कालवला, दुसरं कोरं कव्हर घातलं आणि व्यंकटरावांचा पांढरा रुमाल त्याच्या पोटाशी दाबून धरला. फार थांबावंही लागलं नाही. पातेल्यात कोकम सरबत तयार झालं. रुमाल बाहेर काढला, तो इतका गुलाबी, की मुलीच्या बारशाला चालला असता.

"दिसतंय काकू," मोनाली म्हणाली. ती हसली असती तर बरं झालं असतं. "मी मग ठेवू का फोन?"

"ठेव बाई," काकू म्हणाल्या. "पैसे परत येतील तुझे. आणि सासूबाईंना सांग, चूक माझी."

फोन ठेवल्यावर त्या मोरीच्या कडेवरच बसल्या. आपण मूर्ख आहोत, हे त्यांना आजवर इतरांनी सुचवलं होतं, पण त्यांना ते कधी पटलं नव्हतं. आज पातेल्यातच दिसलं. खात्रीशीर! कुणाची खात्री, कसली खात्री? पँटीची खात्री.

मग त्यांनी साइटची सूचना सारजाबाईंना वाचून दाखवली. सगळी. सारजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि मग त्यांचा आवाज चढला.

"मग शुभेच्छा काय म्हणून सांगितल्या तुम्ही? काकू, म्या कंपनी सोडली ती काय ह्या मोबाइलवर भरोसा ठिवून नाय. तुम्ही म्हणल्या, सोड. म्हणून सोडली."

"हो."

"व्हय काय नुसतं! आता ह्यो गठ्ठा कापून पडलाय समदा."

 काकूंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पदरानं पुसले. पदर निळा होता आणि त्याचा रंग गेला नाही, एवढंच काय ते समाधान.

सारजाबाईंचा राग मात्र कामाच्या बाईचा होता, तो फार वेळ रिकामा बसला नाही. "मीठ घाला," त्या म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग धरतो. माझी आई लुगडं तसंच करायची." काकूंना आशा वाटली. या वेळी त्यांनी मोरीतला अंदाज नको म्हणून स्वरालीला विचारून घेतलं. तिनं सांगितलं तसे लाल कापडाचे दोन तुकडे घेतले, दोन्हींना पांढऱ्या कापडाची पट्टी टाचली, एक तुकडा आधी मिठात भिजवला, आणि दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत कोमट साबणाच्या स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवले. दोन्ही पट्ट्या गुलाबी झाल्या. मिठाची जरा कमी गुलाबी आहे असं सारजाबाईंचं म्हणणं होतं, पण ते त्यांनीच दोनदा बघून मागं घेतलं. वाळल्यावर तुकडे तर मूळ मापाचेही राहिले नव्हते. सुती कापड धुतल्यावर आटलं होतं.

"म्हणजे पंधराचंही पंधरा राहत नाही," काकू म्हणाल्या.

हाती घेतलंच आहे तर कापडही बघून टाकू, म्हणून त्यांनी दोरे काढून जाळले. लाल दोरा कागदासारखा जळला आणि त्याची मऊ राख झाली, म्हणजे सुती खरा. पांढऱ्या किनारीचा दोरा जळता जळता टोकाला कडक मणी धरून बसला. किनारीत पॉलिस्टर होतं. दुकानदाराची शपथ फक्त लाल भागापुरती होती, असं दिसलं.

आता साइटचा प्रश्न उरला. बोट पहिल्या पर्यायावर ठेवलं असतं, तर कदाचित निभावलं असतं. मुलीनं रात्रभर भिजवलं होतं हे खरंच होतं. काकूंनी फोन सारजाबाईंपुढं धरला. "तुझं काम आहे. तूच सांग, काय लिहू."

सारजाबाईंनी गुलाबी पट्टी बोटात फिरवली. "त्या पोरीच्या माथी नका मारू," त्या शेवटी म्हणाल्या. "सासू तिला आधीच बोलली आसल."

काकूंनी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. वर्णन चुकीचं होतं. साइटनं लगेच वस्तू बंद केली आणि कळवलं, की नवीन वर्णन भरून तपासणीला पाठवा. पाच रकाने पुन्हा कोरे होऊन समोर आले. उमाकाकूंच्या हातून आजवर हजारदा पेन फिरलं असेल, पण असं जड कधी झालं नव्हतं.

माप. 'पंधरा बाय पंधरा इंच, शिवून झाल्यावर मोजलेलं. धुतल्यावर साधारण साडेचौदा.' लिहिताना त्यांना वाटलं, आपण एखाद्या मुलीला सगळ्यांसमोर चप्पल काढून भिंतीला उभी करतो आहोत.

चेन. 'नायलॉनची, लपवलेली. खालच्या कडेला आहे. कात्री लागत नाही.'

कापड. 'लाल भाग पूर्ण सुती. पांढरी किनार मिश्र धाग्याची.'

भरण. 'सोबत मिळत नाही. पंधरा इंची उशी घाला, सोळाची घालू नका. फोटोतल्या उशा आमच्या घरच्या आहेत.' आणि मग फोटोही बदलले. एक भरलेल्या कव्हराचा, एक रिकाम्याचा, एक चेनच्या जागेचा, बोट ठेवून.

रंगाच्या रकान्याशी गाडी अडली.

"'जरासा जातो' लिव्हा," सारजाबाई म्हणाल्या.

"जरासा कुठं? पातेलं बघितलंस ना?"

"मग 'पहिल्यांदा जातो' लिव्हा. पहिल्यांदा समद्यांचाच जातो."

"दुसऱ्यांदाही गेला."

"काकू, ह्या हातांनी तुम्ही गोऱ्या गोऱ्या पोरी लिव्हल्या, आन आता एक शब्द फिरवता यीना व्हय!"

काकूंना हसू आलं, आणि त्याच वेळी लाजही वाटली. त्यांनी लिहिलं, 'रंग पक्का नाही. पहिल्या काही धुण्यांत लाल रंग जातो. थंड पाण्यात वेगळं धुवा, भिजत ठेवू नका, ओल्या कव्हरावर पांढरं काही ठेवू नका. पांढरी किनार हळूहळू गुलाबी होईल.' वाचून पाहिलं. एवढं एखाद्या मुलाबद्दल लिहिलं असतं, तर तो जन्मभर बिनलग्नाचा राहिला असता.

व्यंकटरावांनी चष्मा पुसून सगळं वाचलं. "हे वाचून तर मीसुद्धा घेणार नाही," ते म्हणाले, "आणि मला तर फुकट मिळतं."

वर्णन मंजूर झालं, वस्तू परत दिसू लागली, आणि कुणीही ती घेतली नाही. सारजाबाई यायच्या, मशीनवरचं कापड झटकायच्या, काकूंकडे बघायच्या. काकू फोनकडे बघायच्या. फोन आपला गप्प. शेजारच्या विक्रेत्यांची लालच कव्हरं धडाधड जात होती आणि साऱ्यांचे रंग पक्के होते, निदान लिहिण्यात तरी. काकूंना वाटलं, एक शब्द, फक्त एक शब्द बदलावा. हात पुढं जायचा. मग मोरीतलं पातेलं आठवायचं आणि हात परत यायचा. आपण आता म्हातारपणी सज्जन व्हायला निघालो आहोत आणि त्याची किंमत दुसरीच बाई देते आहे, हा विचार जेवतानाही त्यांचा पिच्छा सोडायचा नाही. सारजाबाईंसाठी त्यांनी ओळखीच्या दोन बायकांकडे ब्लाउजांचं काम विचारून ठेवलं. तेसुद्धा पुढच्या महिन्यात बघू, असंच उत्तर आलं.

अशात एक दिवस साइटवर प्रश्न आला. परभणीच्या कुणा बाईंनी विचारलं होतं, 'रंग खरंच जातो का?'

काकूंनी सारजाबाईंना हाक मारली. दोघी फोनवर वाकल्या.  काकूंनी टाइप केलं, 'हो. जातो.' पाठवलं आणि डोळे मिटून घेतले.

बऱ्याच वेळानं पुन्हा आवाज आला. 'मग मापही खरंच पंधरा असणार,' त्या बाईंनी लिहिलं होतं. 'सोळा लिहितात आणि भलतंच देतात सगळे. मला पंधराचंच हवं होतं. सहा पाठवा.'

सहा गेली. सारजाबाईंनी ती शिवली तशी कुणाच्या लग्नाची चोळीही शिवली नसेल. पाकिटात काकूंनी नंबराची चिठ्ठी टाकली, मग काढली, मग परत टाकली. त्यानंतर परभणीच्याच कुणी दोन घेतली, मग लातूरहून कुणीतरी. धडाधड नाही, पण मशीन पुन्हा थोडं थोडं चालू लागलं. फक्त कव्हर परत आलं नाही म्हणजे गिऱ्हाईक खूश आहे की रागानं गप्प बसलं आहे, हे काही कळेना. लग्नानंतर मुलीकडून फोन आला नाही की आईला लागते, तशी काकूंना हुरहुर लागून राहिली.

दिवाळी झाल्यावर परभणीच्या बाईंचा अभिप्राय आला. काकूंचा धीर होईना. त्यांनी फोन सारजाबाईंच्या हातात दिला, सारजाबाईंनी व्यंकटरावांच्या. व्यंकटरावांनी चष्मा लावला, गळा साफ केला आणि हिशेब वाचून दाखवावा तशा आवाजात वाचलं.

"पाच तारे. 'सगळं लिहिल्याप्रमाणे. रंग गेला.'"